खोडलेल्या पदाची गोष्ट

भारनियमनाच्या दिवसांत परभणीत वीज जाऊन इन्व्हर्टर लागताना दिवा क्षणभर लुकलुके, हे आपण पाहिले आहे. रिलेची पट्टी एक संपर्क सोडून दुसऱ्याला टेकेपर्यंत दिव्याला कोणताच पुरवठा नसतो.

तर्कमंडलातही असेच घडते. F = A·S + B·S′ हे मंडल घेऊ. S = 1 असता A बाहेर येतो, S = 0 असता B. A आणि B दोन्ही 1 असतील, तर सत्यता सारणीप्रमाणे F सतत 1 हवा. आता S चा 0 करू. प्रत्येक गेटला १० नॅनोसेकंद लागतात असे धरू. A·S हे पद १० नॅनोसेकंदांनी 0 होते. S′ आधी नॉट गेटमधून येतो, म्हणून B·S′ हे पद 1 व्हायला २० नॅनोसेकंद लागतात. मधले १० नॅनोसेकंद दोन्ही पदे 0 असतात आणि F तेवढा वेळ खाली जातो. हा क्षणिक स्पंद म्हणजे ग्लिच. तो उमटण्याची मंडलातील शक्यता म्हणजे स्टॅटिक हॅझर्ड.

१९५३ साली बेल प्रयोगशाळेतील मॉरिस कार्नॉ यांनी आपला नकाशा मांडला. त्यात शेजारचे 1 घेरून कमीत कमी पदांत सूत्र लिहिता येते. वरची दोन पदे म्हणजे असेच दोन घेर. पण त्यांच्या सीमेवरचे दोन 1 शेजारी असूनही वेगळ्या घेरांत पडतात, आणि S बदलताना आपण नेमकी हीच सीमा ओलांडतो. डेव्हिड हफमन यांनी १९५७ च्या निबंधात हॅझर्डमुक्त मंडलांची रचना मांडली. त्यातला उपाय असा: त्या दोघांना झाकणारा तिसरा घेर, A·B, जोडावा. त्यात S नाही, म्हणून S बदलताना तो 1 च राहतो. सारणीत मात्र काहीच बदलत नाही.

१० नॅनोसेकंदांची एवढी फिकीर कशाला? समजा, B च्या जागी F लाच परत जोडले. मग हे मंडल एक बिट लक्षात ठेवते. आता तोच ग्लिच आला, तर F चा 0 आत परत जाऊन कायमचा टिकू शकतो, स्मृतीच पुसते. येथे A·F हे जादा पद अत्यावश्यक ठरते.

उपायाला मर्यादाही आहेत. एका वेळी एकच आदान बदलले, तरच तो खात्रीचा. घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या मंडलात बहुधा त्याची गरज नसते, कारण ग्लिच विरल्यावरच उत्तर वाचले जाते. आणि जादा गेट बिघडून 0 वर अडकले, तर सारणी तपासून ते कळतच नाही. बदलाच्या क्षणी जलद ऑसिलोस्कोपवर पाहावे लागते.

म्हणून विद्यार्थ्याने A·B लिहिले, तर ते खोडण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारावा: सूत्र लहान हवे आहे, की निर्गत स्थिर?