नकाशावरचं साल आधी वाचा

भूकंपाच्या झोनचा नकाशा हाती आला की आपण आधी आपला जिल्हा शोधतो. तुम्ही आधी नकाशाचं साल शोधा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, हजारो माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला. जमीन तीच होती, बदलली ती आपली माहिती.

हे झोन मुख्यतः नोंदलेल्या भूकंपांवरून आखले होते. म्हणून कमी झोन म्हणजे ‘इथे भूकंप होणार नाही’ असं नव्हे. ‘त्या सालापर्यंत मोठ्या भूकंपाची नोंद नाही’ एवढंच समजा. प्रबंधात झोन लिहाल, तिथे आवृत्तीचं सालही लिहा.