तूट वाढली की सोनं वाढतं?

नागपूरच्या संविधान चौकाला बरेच जण अजून आरबीआय चौकच म्हणतात. कोपऱ्यावर रिझर्व्ह बँकेची इमारत आहे आणि देशाचं जे सोनं रिझर्व्ह बँक भारतात ठेवते, ते मुंबई आणि नागपूर या दोन शहरांतल्या तिजोऱ्यांत असतं. मार्च २०२४ अखेर बँकेकडे एकूण सुमारे ८२२ टन सोनं होतं, त्यातलं ४०८ टन देशात. सहाच महिन्यांनी एकूण आकडा ८५५ टनांच्या आसपास गेला आणि देशातला थेट ५१० टनांवर. म्हणजे शंभर टनांहून जास्त सोनं विलायतेतल्या तिजोऱ्यांतून घरी आलं.

ही बातमी आली तेव्हा व्हॉट्सअॅपवर एकच स्पष्टीकरण फिरत होतं: जगभरची सरकारं कर्जात बुडाली आहेत, नोटा छापून ती फेडणार, कागदी पैशाची किंमत जाणार, म्हणून सोनं घ्या. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते किती आहे आणि कुठे संपतं, हे बघायला आपल्याच देशाचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास पुरेसा आहे.

आधी तथ्य कुठे आहे ते बघू. सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला की तूट पडते, आणि तूट भरायला कर्ज काढावं लागतं. हे कर्ज कोण देतं, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे १९५५ पासून एक सोय होती. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की रिझर्व्ह बँकेच्या नावे आपोआप ‘अॅड हॉक ट्रेझरी बिलं’ निघायची आणि खात्यात पैसे यायचे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा ऑटो टॉप-अप होता, आणि त्याला वरची मर्यादाच नव्हती. १९७४ पासून या बिलांवरचं व्याजही ४.६ टक्क्यांवर गोठवलेलं होतं. संसदेत मंजुरी, बाजारात बोली, गुंतवणूकदारांची कुरकुर यातलं काहीच मध्ये येत नव्हतं. तूट म्हणजे थेट नवा पैसा.

उरलेलं कर्ज बँकांच्या गळ्यात मारलं जायचं. १९९० च्या सुमाराला बँकेत आलेल्या दर शंभर रुपयांतले साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत आणि तत्सम ठिकाणी ठेवणं कायद्याने सक्तीचं होतं. ठेवीदाराचे पैसे सरकार स्वस्तात वापरत होतं. महागाई वाढली की ठेवीवरचं व्याज तिला पुरं पडेलच असं नव्हतं. अशा वेळी जिच्यावर कुणी व्याज देत नाही पण जी कुणाला छापताही येत नाही, अशी वस्तू घरात असलेली बरी, हे आपल्या आज्यांना अर्थशास्त्र न शिकता कळत होतं. सरकारलाही ते कळत होतं. मोरारजी देसाईंनी १९६३ मध्ये चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली आणि १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला. लोकांची बाहेर पडायची वाट अडवण्याचा हा प्रकार होता. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

पुढच्याच वर्षी हे सगळं अंगावर आलं. १९९०-९१ मध्ये केंद्र आणि राज्यांची मिळून तूट देशाच्या उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांवर गेली होती. आखाती युद्धाने तेल महागलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली आणि परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारच्या काळात, तस्करांकडून जप्त केलेलं वीस टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेला, परत विकत घेण्याच्या बोलीवर, विकलं गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला पाठवलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी ५० लाख डॉलर उचलले. भारताच्या सहीवर उधारी मिळेना, पण भारताच्या सोन्यावर मिळाली. सरकारी रोखा हे कुणाचं तरी वचन असतं, सोनं कुणाचंच वचन नाही. त्या जुलैत या फरकाची किंमत डॉलरमध्ये मोजता आली.

आता सराफ्यातला भाव बघू. १९९० मध्ये दहा ग्रॅमला सरासरी ३,२०० रुपयांच्या आसपास भाव होता, १९९२ मध्ये ४,३०० च्या थोडा वर. दोन वर्षांत साधारण ३५ टक्के वाढ. कर्जाचा सिद्धांत जिंकला असं वाटतं. पण याच दोन वर्षांत जगाच्या बाजारात सोनं डॉलरमध्ये जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरलं होतं. वाढला तो डॉलर: १९९० मध्ये साडेसतरा रुपयांच्या आसपास असलेला डॉलर, जुलै १९९१ च्या दोन अवमूल्यनांनंतर २६ च्या घरात गेला. गुणाकार करून बघा, वाढ बहुतेक सगळी रुपयाच्या घसरणीतून आली आहे. इतवारीतल्या गिऱ्हाईकाने सोनं घेतलं असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात त्याने रुपयाविरुद्ध पैज लावली होती आणि ती लागली.

हा बारकावा महत्त्वाचा आहे. आपल्या सरकारची तूट जगातल्या सोन्याचा भाव हलवत नाही. ती हलवते रुपया, आणि तोही लगेच किंवा दरवेळी नाही.

याचा पुरावा पुढच्या दशकात मिळतो. १९९६ नंतर आपल्या सरकारांची तब्येत पुन्हा बिघडली. पाचव्या वेतन आयोगाने केंद्राबरोबर राज्यांचंही कंबरडं मोडलं. केंद्र-राज्यांची एकत्रित तूट सहा टक्क्यांच्या आसपास होती, ती २००१-०२ पर्यंत दहाच्या जवळ पोचली, म्हणजे १९९१ पेक्षा वाईट. कर्जाचा डोंगरही वाढतच होता. सिद्धांत खरा असता तर सोन्याने उसळी घ्यायला हवी होती.

झालं उलटं. १९९६ मध्ये दहा ग्रॅमचा भाव ५,१०० ते ५,२०० रुपये होता, २००१ मध्ये ४,३०० च्या आसपास. त्या वर्षी कुणी मुलीच्या लग्नासाठी म्हणून ५,१६० रुपयांचं दहा ग्रॅम सोनं घेऊन ठेवलं असेल, तर पाच वर्षांनी त्याचे घडणावळ न मोजताही ८०० हून जास्त रुपये कमी झाले. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये टाकले असते तर नऊ हजारांच्या आसपास झाले असते, कारण पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज होतं आणि महागाई सरासरी सातच्या आगेमागे. महागाई वजा जाता पाच टक्के सुटत असताना, व्याज न देणारा धातू कपाटात ठेवायला फार मोठी भीती लागते. ती भीती त्या काळात नव्हती.

का नव्हती? मला वाटतं, मोठं कारण तूट भरण्याची पद्धत बदलली हे आहे. १९९४ मध्ये सी. रंगराजन गव्हर्नर असताना सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ती अॅड हॉक बिलं बंद झाली. ऑटो टॉप-अप काढून टाकला. तूट तेवढीच किंवा जास्त, पण ती भरायला सरकारला बाजारात जाऊन बाजारभावाने व्याज द्यावं लागू लागलं. कर्ज वाढलं की दोन गोष्टी होऊ शकतात. मध्यवर्ती बँक पैसा पुरवते, महागाई व्याजाला गिळते आणि सोनं चढतं. किंवा सरकार चढं व्याज देऊन लोकांची बचत ओढून घेतं आणि सोनं पडून राहतं. कर्जाचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. ‘कर्ज इतके लाख कोटी झालं’ असा आलेख दाखवून सोनं विकणारे लोक हा फाटा कधीच दाखवत नाहीत.

त्यानंतरचा काळ तर आणखी गंमतीचा. २००३ मध्ये तूट आवरायचा कायदा झाला, अर्थव्यवस्था धावू लागली आणि २००७-०८ पर्यंत एकत्रित तूट चार टक्क्यांच्या आसपास खाली आली. याच काळात सोनं ५,६०० वरून १०,८०० च्या पुढे गेलं. तूट निम्म्याहून कमी, सोनं जवळपास दुप्पट. कारण बाहेरचं होतं: डॉलर जगभर घसरत होता.

मग आपली नाही तर अमेरिकेची तूट बघायची का? थोडं बरं, पण तिथेही गणित जुळत नाही. अमेरिकी सरकारचं कर्ज १९८० मध्ये एक लाख कोटी डॉलरच्याही आत होतं, २००० पर्यंत साडेपाच लाख कोटींच्या वर गेलं. सोनं मात्र जानेवारी १९८० च्या ८५० डॉलरच्या शिखरावरून १९९९ मध्ये २५० च्या आसपास आलं. मधल्या काळात पॉल व्होल्करने व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेऊन डॉलर धरणाऱ्याला भरपूर मोबदला दिला होता. ज्याने १९८० साली ‘कर्ज वाढणारच’ हे अचूक ओळखून सोनं घेतलं, त्याचं भाकीत वीस वर्षं खरं ठरत गेलं आणि पैसे वीस वर्षं बुडत गेले.

म्हणून मी कर्जाच्या आकड्याऐवजी दोन गोष्टी बघतो. महागाई वजा जाता ठेवीवर काय उरतं, आणि सरकारचे रोखे घेतंय कोण. बँका, विमा कंपन्या, आपले पीएफचे पैसे घेत असतील तर एक चित्र. मध्यवर्ती बँकच वर्षानुवर्षं घेत असेल तर वेगळं. यानेही सगळं उलगडत नाही. २०२२ नंतर अमेरिकेत महागाई वजा जाता व्याज चांगलं वाढलं, तरी सोनं पडलं नाही, चढलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, आणि त्यानंतर सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. ही भीती कर्ज फिटेल का याची नाही. आपलेच पैसे दुसऱ्याच्या कुलपात असतील तर ते आपले राहतात का, ही ती भीती आहे. शंभर टन सोनं लंडनहून आणण्यामागे रिझर्व्ह बँकेच्या मनात नेमकं काय होतं ते तिलाच ठाऊक. पण नुसती कर्जाची काळजी असती तर सोनं लंडनमध्ये राहूनही तेवढंच मोलाचं होतं.

आणि तुटीचा सोन्याशी सगळ्यात थेट संबंध आपल्याकडे कुठे येतो, तर आयात शुल्कात. रुपयावर ताण आला की सरकार सोन्यावरचं शुल्क वाढवतं, २०१३ मध्ये वाढवलं, जुलै २०२२ मध्ये पंधरा टक्क्यांवर नेलं. मग २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते पंधरावरून सहावर आणलं. मूळ भाव दहा ग्रॅमला ६५,००० धरला तर शुल्कासह ७४,७५० चं सोनं ६८,९०० वर येतं. त्या दिवशी ना देशाचं कर्ज कमी झालं होतं, ना जगात सोनं स्वस्त झालं होतं. संध्याकाळपर्यंत सराफ्यातल्या फलकावरचा आकडा मात्र हजारो रुपयांनी उतरला होता.