पहिल्या वर्षी स्वस्त, दुसऱ्या वर्षी महाग: डोमेन आणि होस्टिंगचं खरं बिल किती येतं?

गेल्या वर्षी मी मामाच्या होमस्टेसाठी एक छोटीशी वेबसाइट बनवली. पाच पानं, काही फोटो आणि एक व्हॉट्सॲपचं बटण, बस्स. फोनवर जाहिरात दिसली होती, ‘होस्टिंग फक्त ₹७९ महिना, .com डोमेन फ्री’. मी मामाला म्हटलं, "वडापावच्या पैशात काम होतंय, घेऊन टाकू." वर्षभराने रिन्यूअलचा मेल आला तेव्हा मामाने फोन केला, "अरे, तू तर दोन हजार म्हणाला होतास ना? इथे आठ हजार लिहिलेत."

चूक माझीच होती. किंमत पेमेंटच्या पानावर लिहिलेली होती, फक्त बारीक अक्षरात. ते बिल उघडून दाखवतो, म्हणजे हे गणित कसं चालतं ते कळेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ही पद्धत एकाच कंपनीची नाही.

माझं बिल: दोन वर्षं शेजारी शेजारी

आधी त्या ₹७९ चं बघू. हा दर फक्त ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी होता. म्हणजे ७९ × ४८ = ३,७९२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण साधारण ४,४७५ रुपये. एवढे एकदम भरायचे नव्हते, म्हणून मी १२ महिन्यांचा पर्याय निवडला आणि दर लगेच ₹१४९ झाला.

पहिल्या वर्षी भरले:
- होस्टिंग: १४९ × १२ = १,७८८
- डोमेन: ०
- एक ईमेल खातं: ०
- जीएसटी: ३२२
- एकूण: २,११० रुपये

दुसऱ्या वर्षी मागितले:
- होस्टिंग: ३९९ × १२ = ४,७८८
- डोमेन: १,२९९
- ईमेल खातं: ६० × १२ = ७२०
- जीएसटी: १,२२५
- एकूण: ८,०३२ रुपये

जवळजवळ चौपट! वेबसाइट तीच, पानं तीच. फरक एवढाच की आता आपण ‘नवे ग्राहक’ राहिलो नाही.

डोमेन ‘फ्री’ कसं काय देतात?

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, उदाहरणार्थ example.com. ते आपल्याला विकते ती कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. पण सगळ्या .com नावांची मूळ वही सांभाळते व्हेरीसाइन नावाची अमेरिकन कंपनी. तिला रजिस्ट्री म्हणतात. आपल्याकडच्या .in ची जबाबदारी निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे.

रजिस्ट्रारला प्रत्येक .com साठी दर वर्षी रजिस्ट्रीला ठरावीक घाऊक रक्कम द्यावी लागते. १ सप्टेंबर २०२४ ला ती १०.२६ डॉलर झाली. त्यावर आयकॅन या संस्थेची २० सेंट फी. डॉलर ८५ रुपये धरला, तर हे साधारण ८९० रुपये होतात आणि जीएसटीसकट १,०५० च्या आसपास जातात.

म्हणजे कुणी .com ९९ रुपयांना देत असेल, तर तो उरलेले पैसे पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून घालतोय. दुकानदार एखादी वस्तू तोट्यात विकून गिऱ्हाईक दुकानात आणतो ना, तसंच. वसुली पुढच्या वर्षांत होते. ती होणार याची कंपनीला खात्री असते, कारण नाव एकदा व्हिजिटिंग कार्डवर, रिक्षाच्या मागे, गुगल मॅपवर गेलं की ते कोण बदलणार?

.xyz, .online, .site, .store अशा नव्या शेपट्यांचं थोडं वेगळं असतं. तिथे बऱ्याचदा रजिस्ट्रीच रजिस्ट्रारला पहिल्या वर्षापुरती मोठी सूट देते. रिन्यूअलवर ती सूट नसते. त्यामुळे पहिल्या वर्षी .com पेक्षा खूप स्वस्त वाटलेलं नाव दुसऱ्या वर्षी .com पेक्षा महाग पडू शकतं. नाव निवडताना ‘किती रुपयांत मिळतंय’ हे बघू नका, ‘दर वर्षी किती रुपयांत टिकतंय’ हे बघा.

होस्टिंगचा दर एवढा का उडी मारतो?

डोमेनला निदान घाऊक भाव नावाचा एक तळ असतो. होस्टिंगला तसा ठरलेला तळ नाही. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट बसवलेल्या असतात. आपल्यासारखी पाच पानांची साइट तिथे एक कोपरासुद्धा अडवत नाही, म्हणून सुरुवातीला अगदी कमी दर देणं कंपनीला परवडतं. मोठा खर्च जाहिरातींवर आणि ‘आमच्या लिंकवरून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या कमिशनवर होतो. तो भरून निघतो रिन्यूअलमधून.

आणि साइट हलवणं हे कटकटीचं काम आहे. फाइल्स, डेटाबेस, ईमेल सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं. बहुतेक लोक कंटाळा करतात आणि पैसे भरतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ४८ महिन्यांचा प्लॅन म्हणजे नुसता सापळा नाही. माझंच गणित बघा. ४८ महिन्यांचं होस्टिंग ४,४७५ आणि पुढच्या तीन वर्षांचं डोमेन जीएसटीसकट ४,५९८, म्हणजे चार वर्षांचे ९,०७३ रुपये. मी घेतला तसा वर्षाचा प्लॅन दर वर्षी रिन्यू केला, तर ईमेल सोडूनही २३,६५८ रुपये. साइट चार वर्षं चालणार याची खात्री असेल तर लांबचा प्लॅन स्वस्तच आहे. धोका हा की सेवा वाईट निघाली तर पैसे अडकतात. ‘३० दिवसांत रिफंड’ असला तरी त्यातून ‘फ्री’ डोमेनची पूर्ण किंमत कापून घेण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते.

पैसे भरण्याआधी पाच मिनिटं

कार्टमध्ये डोमेन आणि होस्टिंग टाका, पण लगेच यूपीआयचा पिन टाकू नका. रकमेच्या खाली ‘Renews at’ असं बारीक लिहिलेलं शोधा. फोनवर ते बऱ्याचदा एखाद्या बाणाखाली लपलेलं असतं. तिथला आकडा गुणिले १२, अधिक डोमेनचं रिन्यूअल, अधिक १८ टक्के. हीच तुमच्या वेबसाइटची खरी वार्षिक किंमत.

मग आधीपासून टिक केलेल्या वस्तू काढून टाका. एसएसएल, म्हणजे पत्त्याआधी https आणणारं प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं आणि बरेच होस्ट ते आपोआप लावून देतात. त्याचे वेगळे पैसे मागत असतील तर ‘का?’ हे विचारा. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि किंमत शेवटच्या पानावर वाढवणं, या दोन्ही गोष्टी भारताच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी दिलेल्या आहेत. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५.

ऑटो-रिन्यूचं काय? होस्टिंगसाठी मी ते बंद ठेवतो, डोमेनसाठी चालू. कारण पुढे सांगतो.

रिन्यू केलंच नाही तर?

होस्टिंगची मुदत संपली तर साइट बंद पडते, पण तुमच्याकडे बॅकअप असेल तर ती दुसरीकडे उभी करता येते. डोमेन गेलं तर नाव जातं, आणि त्या नावावरचे ईमेलही जातात.

.com मध्ये मुदत संपायच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी रजिस्ट्रारने आठवण करून देणं आयकॅनच्या नियमानुसार बंधनकारक आहे. पण तो मेल जुन्या कॉलेजच्या आयडीवर जात असेल तर काय उपयोग? मुदतीनंतर रजिस्ट्रार सहसा काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतो. नाव रजिस्ट्रीतून काढलं गेलं की सुरू होतो ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ. यात नाव परत मिळतं, पण रिन्यूअलवर वेगळी, चांगलीच जड फी लागते. त्यानंतर ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते नाव कुणालाही घेता येतं.

तुमचं नाव कुठल्या टप्प्यावर आहे ते lookup.icann.org वर तपासता येतं. कॉम्प्युटरवर whois असेल तर:

```
whois example.com
```

यात `Registry Expiry Date` समोर मुदत दिसते. `redemptionPeriod` दिसलं तर घाई करा. `redemptionPeriod` शिवाय नुसतं `pendingDelete` दिसलं तर उशीर झालाय.

मग मामाच्या साइटचं काय केलं?

सुटका ट्रान्सफरमध्ये आहे. नवं डोमेन पहिले ६० दिवस हलवता येत नाही, पण नंतर येतं. जुन्या खात्यात लॉक काढायचा, ऑथ कोड घ्यायचा आणि तो नव्या रजिस्ट्रारकडे टाकायचा. .com च्या ट्रान्सफर फीमध्ये एक वर्षाचं रिन्यूअल येतं आणि ते शिल्लक मुदतीत मिळवलं जातं, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. प्रक्रियेला पाच-सात दिवस लागू शकतात, म्हणून मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

मामाचं डोमेन मी कमी रिन्यूअल दराच्या रजिस्ट्रारकडे नेलं. क्लाउडफ्लेअरसारखे काही तर घाऊक भावातच देतात. साइटला डेटाबेस लागतच नव्हता, म्हणून साध्या एचटीएमएल फाइल्स करून क्लाउडफ्लेअर पेजेसच्या फुकट प्लॅनवर ठेवल्या. वर्षाचा खर्च उरला फक्त डोमेनचा. कॉलेजचा पोर्टफोलिओ असेल तर गिटहब पेजेसही चालेल. मात्र धंद्याच्या साइटसाठी फुकट होस्टिंग म्हणून ते वापरायला परवानगी नाही. आणि वर्डप्रेस किंवा ऑनलाइन दुकान हवं असेल, तर पैशाचं होस्टिंग सहसा लागतंच.

एक धडा मात्र मी कायमचा घेतला. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायचं आणि डोमेनचं खातं मालकाच्याच ईमेलवर उघडायचं. होस्टिंगवाल्याने दर वाढवला तर घर बदलता येतं, दारावरची पाटी तीच राहते. आता रिन्यूअलचा मेल थेट मामाच्या फोनवर येतो, आणि त्याने कॅलेंडरमध्ये एक महिना आधीची आठवणही लावून ठेवली आहे.