शेवटच्या रकान्याची कुळकथा

भोसरीच्या एका शेडमध्ये प्रेशर व्हेसलचं काम चाललं होतं. नोझलचा रूट रन दुपारी झाला. वेल्डिंगचा हा पहिला, सगळ्यांत आतला थर. त्यावर डीपी करायची, म्हणजे लाल रंग मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारायचा आणि कुठे लाल रेघ उमटते का ते पाहायचं. कागदावर या पायरीसमोर 'होल्ड पॉइंट' लिहिलेलं होतं: ग्राहकाचा इन्स्पेक्टर बघून सही करत नाही तोवर पुढचा पास चढवायचा नाही. संध्याकाळी सहाला पाहिलं तर नोझल पूर्ण भरून ग्राइंडही झालेला. वेल्डरला वाटलं सुपरवायझरने फोन केला असेल, सुपरवायझरला वाटलं क्यूसीने केला असेल. आणि क्यूसीत बसलेला मी कोणाच्या तरी निरोपाची वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी तो जोड गाउजिंग करून उकरला आणि पुन्हा वेल्ड केला. दीड दिवस गेला.

त्या रात्री क्यूएपी, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स प्लॅन, पहिल्यांदा नीट वाचला. दोन वर्षं त्याच्या झेरॉक्स हाताळल्या होत्या, पण वाचला नव्हता. आडव्या कागदावर रकाने: काय तपासायचं, कोणत्या पद्धतीने, किती नगांवर, कोणत्या स्टँडर्डप्रमाणे, कुठवर चालेल, नोंद कुठे. शेवटी अक्षरं: 'पी', 'डब्ल्यू', 'व्ही'. पी म्हणजे तपासणी करणारा, डब्ल्यू म्हणजे शेजारी उभा राहून बघणारा, व्ही म्हणजे नंतर कागद पडताळणारा. कंपन्यांची नावं होती, पण इन्स्पेक्टरला कोण बोलावणार, हे कुठेच नव्हतं. एका माणसाने एका दिवशी बसून हा तक्ता आखला असेल असं मला तोवर वाटे. प्रत्यक्षात त्याचे रकाने वेगवेगळ्या घरांतून आलेले आहेत.

बघायला येणारा तिऱ्हाईत माणूस यात सगळ्यांत जुना, आणि त्याला आणलं बॉयलरने. 1863मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी 20 मार्च 1905 रोजी एका बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि 58 माणसं गेली. त्यानंतर 1907मध्ये त्या राज्याने बॉयलरचे नियम केले आणि त्याच वाटेने 1914ची 'एएसएमई' बॉयलर संहिता आली. आज आपल्याकडच्या शेडमध्ये 'सेक्शन एट' म्हणून जिची शपथ घेतात, ती याच घराण्यातली. तिच्यातली मेख अशी की तपासणारा माणूस बनवणाऱ्याच्या पगारावर नसतो. तो विमा कंपनीचा किंवा सरकारचा. बॉयलर फुटला तर भरपाई ज्याच्या खिशातून जाणार, त्याचाच डोळा त्यावर ठेवला.

होल्ड पॉइंटचं कारणही इथेच कळतं. काही गोष्टी पुढच्या पायरीत कायमच्या झाकल्या जातात. रूट रन दुसऱ्या पासखाली जातो, सळई काँक्रीटखाली जाते, जोड प्रायमरखाली. म्हणून हायड्रो टेस्टच्या आधी वेल्डवर रंग मारलेला दिसला की जुना इन्स्पेक्टर काही न बोलता परत निघतो. बारीक गळती रंगाने तात्पुरती बुजते आणि मग टेस्ट कशाची केली हेच उरत नाही. एकदा झाकलं गेलं की परत बघता येणार नाही, अशाच जागी होल्ड पॉइंट घालायचा असतो. सगळीकडे घातले तर काम ठप्प होतं, आणि मग लोक तारखा मागे टाकून सह्या घेऊ लागतात.

'किती नगांवर' हा रकाना आला टेलिफोनच्या घरातून. अमेरिकेच्या बेल कंपनीत लाखो सुटे भाग तयार होत आणि सगळे तपासणं परवडत नसे. तिथल्या वॉल्टर शूहार्टने 16 मे 1924 रोजी साहेबाला एक पानी टिपण पाठवलं. त्यात आजच्या कंट्रोल चार्टचा पहिला नमुना होता: कोणता चढउतार नेहमीचा आणि कोणत्या वेळी खरंच काही बिघडलं आहे, हे ओळखायची रीत. त्याच्याच बरोबरीच्या हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीची कोष्टकं रचली. महायुद्धात ती वाट लष्कराने उचलली आणि पुढे तिची 'मिल-स्टँडर्ड 105' झाली. आपल्या 'आयएस 2500'चं कूळही तेच.

कोष्टकं इतकी जुनी असूनही आपल्याकडे या रकान्यात डोळे झाकून '10%' लिहितात. ऐकायला न्याय्य वाटतं म्हणून असेल. हिशेब करून बघा. पन्नास नगांची लॉट आहे आणि त्यात दोन नग खराब आहेत, म्हणजे चार टक्के. दहा टक्के म्हणजे पाच नग उचलायचे. त्या पाचांत एकही खराब न सापडण्याची शक्यता सुमारे 81 टक्के निघते. आता लॉट हजाराची घ्या, खराबी तीच चार टक्के. इथे शंभर नग उचलले जातात आणि सगळे चांगले निघण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली जाते. नियम एक, माल एकाच प्रतीचा, पण लहान लॉटवाला बहुधा सुटतो आणि मोठा बहुधा सापडतो. कोष्टकाचा रस्ता वेगळा आहे. पाचशेच्या लॉटला नेहमीच्या पातळीवर 50 नग उचला; एक टक्का ही स्वीकारार्ह मर्यादा ठरली असेल तर एक खराब निघाला तर लॉट घ्या, दोन निघाले तर परत करा. लॉट वाढते तसा नमुना वाढतो, पण त्याच पटीत नाही. कारण नमुन्याची ताकद मुख्यतः त्यातल्या नगांच्या संख्येत असते, लॉटशी असलेल्या टक्क्यात नसते.

सगळे रकाने एका कागदावर आणून कंत्राटदाराच्या गळ्यात घातले ते अमेरिकन संरक्षण खात्याने. 9 एप्रिल 1959 रोजी 'मिल-क्यू-9858' हे फर्मान निघालं. तोवर लष्कराचे इन्स्पेक्टर कारखान्यात बसून तयार माल निवडत. क्षेपणास्त्रांचे हजारो भाग हजारो ठिकाणी बनू लागल्यावर ते जमेना. मग पवित्रा बदलला: आमची माणसं तुमचा माल निवडणार नाहीत. तुम्ही कसं बनवता, कसं तपासता, ते लिहून ठेवा. लिहिल्याप्रमाणे चालता का, ते आम्ही बघू. 1963च्या सुधारित आवृत्तीत असंही आलं की गुणवत्तेचं काम करणाऱ्यांकडे जबाबदारी, अधिकार आणि अडचण उघड करण्याची मोकळीक पुरेशी हवी. जबाबदारी नुसती नाही, अधिकारासकट. भोसरीत मला ती ओळ कोणी दाखवली असती तर बरं झालं असतं.

'लिहिल्याप्रमाणे चालता का' हे बघण्याला ऑडिट म्हणतात. शब्द लॅटिन 'ऐकणे'वरून आला; पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि ऑडिटर ऐके. चांगला ऑडिटर अजूनही तेच करतो. फाइल मिटतो आणि पंपापाशी उभ्या पोऱ्याला विचारतो, 'बाळा, प्रेशर किती द्यायचंय? वाचून दाखव.' दहा बारच्या व्हेसलला सेक्शन एटप्रमाणे 1.3 पट, म्हणजे साधारणपणे तेरा बारची टेस्ट. गेजची पट्टी टेस्टच्या दुप्पट असावी, दीडपटीच्या खाली किंवा चौपटीच्या वर नको. मी एका ठिकाणी शंभरपर्यंतचा गेज लावलेला पाहिला. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र एकदम पक्कं, पण दर दोन बारला एक रेघ, त्यामुळे तेरा कुठे ते पोऱ्या अंदाजाने सांगत होता. कागद वाचून हे कधीच कळलं नसतं.

यापुढची वंशावळ झपाट्याने सांगतो, कारण तिच्यात नावंच बदलत गेली. 1968मध्ये नाटोने हे नियम 'एक्यूएपी' म्हणून घेतले, ब्रिटनने 1979मध्ये 'बीएस 5750' म्हणून ते लष्कराबाहेर आणले, 1987मध्ये त्यांचं 'आयएसओ 9001' झालं. या प्रवासात एक घोटाळा झाला. कारखान्याची सर्वसाधारण रीत सांगणारं मॅन्युअल आणि एका विशिष्ट कामाचा आराखडा या दोन गोष्टी लोकांनी एकच धरल्या. घरची रीत वेगळी आणि या लग्नाची यादी वेगळी. म्हणून 1995मध्ये 'आयएसओ 10005' निघालं, खास एकेका कामाच्या क्वालिटी प्लॅनसाठी. तरीही टेंडरला जोडलेले निम्मे प्लॅन मला मॅन्युअलची नक्कलच वाटतात. आधीच्या ग्राहकाचं नाव खोडायचंही राहून गेलेला एक मी स्वतः पाहिला आहे.

मोजमापाच्या कलमात हे लगेच उघडं पडतं. 'वेल्ड रिपेअर रेट दोन टक्क्यांखाली ठेवू' असं लिहिलं असतं. टक्के कशाचे? समजा दोनशे जोड आहेत, प्रत्येक अर्ध्या मीटरचा, आणि सहा जोडांत वीस-वीस मिलिमीटर दुरुस्ती निघाली. जोडांवर मोजलं तर तीन टक्के, म्हणजे नापास. लांबीवर मोजलं तर शंभर मीटरमध्ये 120 मिलिमीटर, म्हणजे 0.12 टक्के, उत्तम! दोन्ही हिशेब खरे आहेत. छेद आधी लिहिला नसेल तर महिनाअखेरीला ज्याला जो सोयीचा तो तो घेतो, आणि मीटिंगमध्ये दोन तास जातात.

आणि कागद निर्दोष असूनही माल वाईट निघू शकतो. ब्रिटनमध्ये जुनी कुचेष्टा आहे की सिमेंटची लाइफ जॅकेटंसुद्धा प्रमाणपत्रासकट बनवता येतील, फक्त प्रत्येक जॅकेट ठरल्याप्रमाणे बुडायला हवं. पद्धत पाळली का, एवढंच ऑडिट सांगतं. पद्धत बरोबर आहे की नाही हे 'कुठवर चालेल' या रकान्यात ठरतं, आणि तो भरायला वेल्डिंग कळणारा माणूस लागतो.

त्या नोझलनंतर आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं खरडपट्टी निघणार. त्यांनी क्यूएपीची कोरी प्रत पुढे सरकवली आणि म्हणाले, 'होल्ड पॉइंटच्या प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिही. कंपनीचं नको, माणसाच्या हुद्द्याचं. इन्स्पेक्टरला किती तास आधी कळवायचं ते लिही. आणि तो आलाच नाही तर काम थांबवायचा अधिकार कोणाला, तेही.'

पहिली दोन मी लगेच भरली. तिसऱ्यापुढे पेन अडलं. काम थांबवायचं तर डिस्पॅचची तारीख जाणार, आणि तारीख त्यांचीच होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'क्यूसी इंजिनीअर, पाळीवर असेल तो.' खाली सही केली आणि तारीख टाकली.