अभ्यासाचे साप्ताहिक वेळापत्रक (दहावीची शालान्त परीक्षा)

परीक्षेच्या तयारीसाठी आठवड्यातील उपलब्ध तास विषयांचा गुणभार आणि विद्यार्थ्याच्या कच्च्या बाजू पाहून वाटून देणारा तक्ता. गुणभार म्हणजे एकूण गुणांत त्या विषयाचा किंवा घटकाचा वाटा होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत सहाही मुख्य विषयांची लेखी परीक्षा सर्वसाधारणपणे ८० गुणांची असल्यामुळे विषयवार गुणभाराने तासांत काहीच फरक पडत नाही, आणि वाटणीचा सारा आधार पूर्वपरीक्षेत गमावलेल्या गुणांवर येतो.

वाटणी. रोज तीन आणि रविवारी सहा असे २४ तास हाती असतील, तर तीन तास राखून २१ तास वाटावेत. एखाद्या विद्यार्थ्याने पूर्वपरीक्षेत मराठीत २०, हिंदीत १८, इंग्रजीत २८, गणितात ४४, विज्ञानात ३२ आणि सामाजिक शास्त्रांत २६ गुण गमावले, तर बेरीज १६८ होते, म्हणजे दर आठ गमावलेल्या गुणांमागे एक तास येतो. त्यानुसार गणिताला साडेपाच तास मिळतात, तर हिंदीला सव्वादोनच. गणिताचे बीजगणित व भूमिती असे ४० गुणांचे दोन भाग असून गमावलेल्या ४४ गुणांपैकी ३२ भूमितीत गेले असतील, तर चार तास भूमितीचे आणि दीड तास बीजगणिताचा होतो. हे चार तास एकाच दिवशी न घालता दोन-तीन दिवसांत विभागणे इष्ट, कारण आदल्या बैठकीतील प्रमेयाची सिद्धता पुस्तक मिटून पुन्हा लिहिल्यावरच पक्की झाली की नाही हे कळते. राखीव तासांपैकी दोन तासांत ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी व उरलेल्या तासात ती तपासावी. त्या निकालावरून पुढील आठवड्याची वाटणी बदलते.

मर्यादा. गमावलेला प्रत्येक गुण अज्ञानाचा नसतो. उत्तरपत्रिकेच्या शेवटचे प्रश्न कोरे असतील, तर दोष बहुधा वेगाचा असतो आणि तेथे वाचनाचे तास वाढवून उपयोग नसतो. सोडवलेल्या उत्तरांतच पायऱ्या चुकल्या असतील, तर मात्र घटकच कच्चा समजावा. तक्त्यातील चुकलेली बैठक वारंवार एकाच विषयाची निघणे हेही लक्षण महत्त्वाचे मानावे: तो विषय बहुधा सर्वांत कच्चा असतो आणि थकव्याच्या वेळी ठेवलेला असतो.

टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली जात असल्याने सहाव्या विषयाला केवळ उत्तीर्ण होण्यापुरते तास द्यावेत, असे मत काही ठिकाणी आढळते. अकरावीला तोच विषय घ्यायचा असल्यास ते लागू पडत नाही.

इतर परीक्षा. अभियांत्रिकीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आणि भौतिकी व रसायनशास्त्राचा एका गुणाचा असल्याने तेथे गुणभाराला स्वतंत्र महत्त्व येते.