सोबती-निवेदक (रहस्यकथा)

सोबती-निवेदक म्हणजे गुप्तहेराबरोबर तपासात वावरणारे, त्याचे कौतुक करणारे आणि उलगडा होईपर्यंत वाचकाइतकेच अंधारात असणारे पात्र. भालबा केळकर यांच्या अनुवादांतून मराठी वाचकांना परिचित झालेला डॉ. वॉटसन हे त्याचे ठळक उदाहरण होय. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेत तबेल्यात कुत्रा असूनही माडीवर झोपलेल्या पोरांना जाग आली नाही, हे वॉटसनही ऐकतो. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे घोडा नेणारा त्याच्या ओळखीचा होता, हे मात्र होम्सच ताडतो. लेखकाला येथे पुरावा लपवावा लागत नाही. केवळ त्याचा अर्थ राखून ठेवावा लागतो. १९२६ मधील दोन कथा होम्स स्वतः सांगतो. तेथे त्याला आपलेच तर्क दडवावे लागतात, आणि वॉटसनची उणीव तो कबूलही करतो. वॉटसन निर्बुद्ध मात्र नव्हे. वाचकाहून तो फार मंद असता, तर त्याच्याबरोबर वाचक फसला नसता.