मॅक्सवेल संबंध (ऊष्मागतिकी)

मॅक्सवेल संबंध ही एंट्रॉपी (S), दाब (p), घनफळ (V) आणि निरपेक्ष तापमान (T) या चार राशींच्या आंशिक अवकलजांना जोडणारी चार समीकरणे आहेत. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिअरी ऑफ हीट’ या ग्रंथात भूमितीच्या साहाय्याने मांडली. आज ती सामान्यतः ऊष्मागतिक वर्चसांपासून सिद्ध केली जातात.

एंट्रॉपी मोजणारे कोणतेही उपकरण नाही. दाब, घनफळ आणि तापमान मात्र प्रयोगशाळेत थेट मोजता येतात. यांपैकी दोन संबंधांमुळे, तापमान स्थिर असताना एंट्रॉपी किती बदलते, हे केवळ या तीन राशींच्या मोजमापांवरून सांगता येते.

## चार वर्चसे

एखाद्या बंदिस्त संहतीवर केवळ दाबामुळे कार्य होत असेल, तर पहिला आणि दुसरा नियम एकत्र करून तिच्या आंतरिक ऊर्जेतील (U) सूक्ष्म बदल असा लिहिता येतो :

dU = T dS − p dV

येथे U हे S आणि V यांचे फलन मानलेले आहे. म्हणून S व V यांना U ची ‘स्वाभाविक चले’ म्हणतात. प्रयोगात एंट्रॉपी स्थिर ठेवण्यापेक्षा तापमान स्थिर ठेवणे पुष्कळदा सोपे असते. यासाठी U मध्ये pV मिळवून किंवा U मधून TS वजा करून आणखी तीन वर्चसे तयार केली जातात :

* एन्थॅल्पी, H = U + pV : dH = T dS + V dp
* हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा, F = U − TS : dF = −S dT − p dV
* गिब्ज मुक्त ऊर्जा, G = U + pV − TS : dG = −S dT + V dp

## व्युत्पत्ती

हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जेचे उदाहरण घेऊ. F हे T आणि V यांचे फलन असल्याने dF च्या समीकरणावरून पुढील दोन गोष्टी थेट मिळतात. (कंसाबाहेरील खालचे अक्षर स्थिर ठेवलेली राशी दर्शविते.)

(∂F/∂T)_V = −S
(∂F/∂V)_T = −p

आता पहिल्या समीकरणाचे V च्या आणि दुसऱ्याचे T च्या संदर्भात पुन्हा अवकलन केले, तर दोन्ही ठिकाणी डाव्या बाजूस F चा मिश्र द्वितीय अवकलज येतो. F हे अवस्था फलन आहे, म्हणजे त्याचे मूल्य संहती कोणत्या मार्गाने त्या अवस्थेला आली यावर अवलंबून नसते. द्वितीय अवकलज संतत असल्यास अवकलनाचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही. म्हणून उजव्या बाजूही समान असतात आणि दोन्हीकडील ऋण चिन्हे जाऊन पुढील संबंध उरतो :

(∂S/∂V)_T = (∂p/∂T)_V

हीच कृती इतर तीन वर्चसांवर केल्यास उरलेले संबंध मिळतात :

* U पासून : (∂T/∂V)_S = −(∂p/∂S)_V
* H पासून : (∂T/∂p)_S = (∂V/∂S)_p
* G पासून : (∂S/∂p)_T = −(∂V/∂T)_p

चारही सूत्रांत T नेहमी S शी आणि p नेहमी V शी जोडलेला दिसतो, कारण TS आणि pV या दोन्ही गुणाकारांचे एकक ऊर्जेचे आहे.

## उदाहरण : पाण्यावरील दाब

गिब्ज ऊर्जेपासून मिळालेल्या संबंधाचा अर्थ असा की, तापवल्यावर प्रसरण पावणाऱ्या पदार्थावर स्थिर तापमानास दाब वाढवला, तर त्याची एंट्रॉपी कमी होते. २५° से. तापमानाचे १ किलोग्रॅम पाणी घेतल्यास तापमान १ अंशाने वाढताना त्याचे घनफळ सुमारे ०.२५८ घन सेंटीमीटरने वाढते. दाब १० लाख पास्कलने (सुमारे १० वातावरण) वाढवला, तर एंट्रॉपी ०.२५८ जूल प्रति केल्विन इतकी घटते. २९८ केल्विन तापमान कायम राखण्यासाठी २९८ × ०.२५८, म्हणजे सुमारे ७७ जूल उष्णता पाण्याबाहेर काढावी लागते. ही उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर पाणी तापते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ४१८० जूल लागतात, म्हणून ही वाढ सुमारे ०.०१८ अंश असते.

०° से. तापमानाच्या पाण्याबाबत मात्र चिन्ह उलटते. ४° से.च्या खाली पाणी तापवल्यास आकुंचन पावते. ०° से.ला १ किलोग्रॅम पाण्याचे घनफळ अंशामागे सुमारे ०.०६८ घन सेंटीमीटरने कमी होते. त्यामुळे तेवढाच दाब वाढवल्यास एंट्रॉपी कमी न होता वाढते आणि उष्णतेची देवाणघेवाण रोखल्यास पाणी सुमारे ०.००४ अंशाने थंड होते. दाबल्यावर पदार्थ तापतोच, हा सर्वसाधारण समज येथे खोटा ठरतो. जेम्स जूल यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४° से.खालील पाण्याचे हे थंड होणे प्रत्यक्ष दिसून आले.

वरील हिशेबात प्रसरण दाबाने बदलत नाही असे गृहीत धरले आहे. शेकडो वातावरण दाबासाठी हे गृहीतक चालत नाही. तेथे दाबाच्या लहान लहान टप्प्यांची बेरीज, म्हणजे समाकलन, करावे लागते.

## नेहमी होणाऱ्या चुका

कोणती राशी स्थिर आहे याकडे दुर्लक्ष करणे ही सर्वांत सामान्य चूक होय. dU च्या समीकरणावरून (∂U/∂V)_S = −p मिळते; पण खालच्या S च्या जागी T लिहिल्यास विधान चुकीचे होते. स्थिर तापमानासाठी dU ला dV ने भागून मॅक्सवेल संबंध वापरावा लागतो :

(∂U/∂V)_T = T(∂p/∂T)_V − p

आदर्श वायूसाठी p = nRT/V असल्याने उजवी बाजू शून्य येते. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते, या ज्ञात गोष्टीशी हे जुळते. चुकीच्या सूत्राने मात्र −p असे उत्तर आले असते.

दुसरी चूक चिन्हाची असते. ती ओळखण्यासाठीही आदर्श वायूचा उपयोग होतो. स्थिर तापमानास त्याचे घनफळ वाढल्यास एंट्रॉपी वाढते आणि स्थिर घनफळात तापवल्यास दाब वाढतो. म्हणून F पासून मिळणाऱ्या संबंधात ऋण चिन्ह असू शकत नाही.

## मर्यादा

हे संबंध समतोल अवस्थांनाच लागू पडतात. पदार्थाचे वस्तुमान बदलत असेल किंवा पृष्ठताण, चुंबकीय क्षेत्र यांमुळेही कार्य होत असेल, तर वर्चसांच्या समीकरणांत नवी पदे येतात आणि त्यांपासून त्याच रीतीने अधिक संबंध मिळतात. बर्फ वितळताना किंवा पाणी उकळताना एंट्रॉपी आणि घनफळ एकदम बदलतात. तेथे G चे द्वितीय अवकलज अस्तित्वात नसल्याने G पासून मिळालेला संबंध त्या बिंदूवर वापरता येत नाही. तो प्रत्येक प्रावस्थेला स्वतंत्रपणे लावावा लागतो.